चौथ्या आणि पाचव्या खांबातला फरक

साइटवर तिला सगळे मिमी म्हणायचे. मिलिमीटरचं हे आखूड रूप तिला कुणी चिकटवलं, ते कुणालाच आठवत नव्हतं. इमारती किती खचतात ते मोजणं हा तिचा धंदा. पूर्वी नवरा पातळी मोजायच्या लेव्हल यंत्रावर असायचा आणि ती आकड्यांची उंच पट्टी धरायची. मधुमेहानं त्याची नजर अधू झाली, तेव्हा जागा बदलल्या. आता तो पट्टी धरायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "लग्नानंतर तीस वर्षांनी एकदाचं बायकोच्या इशाऱ्यावर उभं राहायला शिकलो."

यावेळचं काम त्याच्या धाकट्या भावानंच मिळवून दिलं होतं. दीर एका प्रसूतिगृहाच्या कामावर सुपरवायझर होता. तळमजला नऊ वर्षं चालू होता. खाली बाळंतिणी, वर दोन नवे मजले चढत होते. एका रांगेत सहा खांब, दोन खांबांमध्ये सहा मीटर. पहिले चार कडक मुरमावर, पुढचे दोन चिकणमातीवर. जुन्या कागदांत जमीन तपासायला मारलेली दोनच भोकं होती, रांगेच्या दोन टोकांना. मातीच्या टोकाला दोन मीटर चिकणमाती लागली, त्याखाली मुरूम. मधल्या पाचव्या खांबाखाली काय आहे, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

डिझाइन करणाऱ्या इंजिनियरनं म्हणूनच मोजणी ठेवली होती. तो तरुण होता, पण गोष्ट नीट समजावून सांगायचा. सगळी इमारत सारखी खचली तर भिंतींना पत्ताही लागत नाही. धोका असतो तो शेजारच्या दोन खांबांच्या खचण्यातल्या फरकात. त्या फरकाला दोघांमधल्या अंतरानं भागायचं. पाचशेत एक झालं, म्हणजे सहा मीटरला बारा मिलिमीटर, की काम थांबवून त्याला कळवायचं. तीनशेत एक, म्हणजे वीस मिलिमीटर, झालं की भिंती तडकायला लागतात. दीडशेत एकाला खांब-तुळयांचाच जीव धोक्यात.

पहिले दोन महिने आकडे शहाण्यासारखे वागले. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतला गेला आणि पाचवा खांब एकटाच खाली निघाला. चौथा चार मिलिमीटरवर थांबला होता. पाचवा नऊवर गेला, मग तेरावर. चौथ्या महिन्याच्या शेवटी सोळावर. फरक बारा.

तिनं मोजणी पुन्हा केली. कुंपणाबाहेरच्या खडकावरच्या खुणेपासून निघून सगळे खांब फिरून परत त्याच खुणेवर आली. चूक अर्ध्या मिलिमीटरचीही निघाली नाही.

दिरानं वही पाहिली आणि हसला. बारा मिलिमीटर म्हणजे बोटाचं पेरसुद्धा नाही, असं त्याचं म्हणणं. सगळ्या खांबांची सरासरी काढली तर सात-आठच येते, तीच लिहावी. सरासरीनं भिंत वाचत नाही, असं सांगून ती थांबली, कारण त्याचा चेहरा एकदम बदलला होता.

"वहिनी, दोन भिंती राहिल्यात. तेवढ्या होऊ द्या. मग तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"भाऊजी, भिंतींचंच तर वजन आहे ना?"

त्यानं वही तिच्या हातात ठेवली. ती वही मिटून उभी राहिली आणि तेव्हा तिला तो विचार पहिल्यांदा आला. आपण मोजलं ते फक्त या चार महिन्यांचं. तळमजला त्याआधी नऊ वर्षं याच मातीवर उभा आहे. त्या नऊ वर्षांतलं खचणं कुठल्या वहीत आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला जोत्याच्या बाजूनं पट्टी धरायला लावली. जोत्याच्या वरच्या अंगाला विटांचा एक उघडा थर होता. बांधताना गवंड्यानं तो एका पातळीत लावलेला असणार. गवंड्याच्या हाताची चूक किती, हे कळायला तिनं आधी मुरमावरच्या चार खांबांपाशी तो थर मोजला. सगळीकडे दोन मिलिमीटरच्या आत. हात चांगला होता. मग ती पाचव्याशी आली. नवरा पट्टी धरून उभा होता. आतून एका बाळाचं रडणं येत होतं.

चौथ्यापेक्षा पाचव्यापाशी थर वीस मिलिमीटर खाली होता, आधीचे आठ आणि आताचे बारा.

"किती?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं आकडा सांगितला. तो म्हणाला, "त्याला आधी सांगूया. भाऊ आहे माझा."

"आधी त्या बायकांना बाहेर काढायला सांगूया."

तिनं इंजिनियरला फोन केला. तो तासाभरात आला. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सगळे बसले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की प्रसूतीच्या खोलीचं दार महिनाभर अडकत होतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का. ती खोली चौथ्या आणि पाचव्या खांबांच्या मधली. सुतार तीनदा दार रंधून गेला होता. त्याला कुणी बोलावलं, हे विचारावं लागलं नाही. दीर जमिनीकडे बघत होता.

"मला वाटलं, लाकूड फुगलं असेल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पहिल्यांदा तसंच वाटलं."

संध्याकाळपर्यंत तळमजला रिकामा झाला. दोन खाटा तर बाळांसकट उचलून न्याव्या लागल्या. वरच्या नव्या भिंती उतरवायला सुरुवात झाली आणि पाचव्या खांबाशेजारी तिसरं भोक मारलं. चिकणमाती दोन मीटरवर संपलीच नाही. चारवर नाही, सहावर नाही. साडेसात मीटरवर मुरूम लागला. कधी काळी तिथं खोल खड्डा होता आणि तो गाळानं भरला होता.

वजन उतरलं, तरी माती लगेच थांबली नाही. अशा मातीतलं पाणी सावकाश पिळून निघतं आणि खचणं त्या चालीनंच येतं, हे ती जाणून होती. तीन आठवड्यांत आणखी तीन मिलिमीटर. त्या रिकाम्या खोलीत, दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत, एक तिरपी चीर उघडली. सुरुवातीला नखाच्या जाडीएवढी, मग त्यात नाणं जाईल एवढी. मिमी रोज सकाळी एकटीच आत जाऊन ती बघायची.

पुढे पाचव्या खांबाच्या पायाच्या दोन्ही बाजूंनी मुरमापर्यंत बारीक खोल खांब उतरवले आणि पाया त्यांच्यावर घेतला. आकडे स्थिर झाले. वरचे मजले मात्र कायमचे सोडून दिले. दिराचं काम गेलं. घरी येणं त्यानं बंद केलं. नवरा एकदा त्याच्याकडे जाऊन आला.

शेवटच्या भेटीत इंजिनियरनं टेबलावर नकाशा पसरला. खड्ड्याची हद्द कळावी म्हणून आणखी भोकं मारली होती. गाळ कुंपणापाशी संपत नव्हता. रस्त्याखालून तो पलीकडे जात होता, आणि पलीकडे चार मजली इमारत होती. त्या इमारतीला मोजायच्या खुणाच नव्हत्या.

मिमी दुपारी तिथं गेली. मालकाला सगळं समजावलं, खुणा बसवायची परवानगी मागितली. तो म्हणाला, आमच्याकडे कुठंच चीर नाही, लोकांना उगाच घाबरवू नका. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं.

ती खाली आली. फाटकाशी नवरा पट्टी घेऊन थांबला होता. ती इमारतीच्या जोत्यालगत चालत गेली, विटांचा थर कुठे उघडा दिसतो का ते बघत. गिलाव्यानं सगळं झाकलेलं होतं. त्याच इमारतीच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर एक माणूस खाली ओढत होता. शटर अर्ध्यावर अडकलं. त्यानं खांदा लावून ते खाली ढकललं आणि कुलूप घातलं.