शिवराई आणि चार रकाने

मी सांगितलं होतं, फोटो काढायचा तर माझ्या तळहातावर ठेवून काढा. नातीनं ऐकलं नाही. "आजोबा, हॅन्ड नको, बॅकग्राउंड क्लीन पाहिजे लाह," सिंगापुरी पोरांसारखं 'लाह' लावून म्हणाली, आणि शिवराई पांढऱ्या कागदावर एकटी ठेवून, उलटून पालटून, दोन्ही बाजूंचा वरून फोटो काढला. आमच्या देवघरातलं जुनं तांब्याचं नाणं, शिवराई. माझ्या वडिलांनी मला दिली, त्यांना त्यांच्या वडिलांनी. फोटोत ती केवढी दिसत होती म्हणाल तर बशीएवढी. किंवा शर्टाच्या बटणाएवढी. बघणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

हे सगळं मंडळाच्या प्रदर्शनापायी. इथं सिंगापुरात आपली मराठी माणसं घरातल्या जुन्या वस्तू एक दिवस मांडणार होती. सूनबाईच्या ऑफिसातली एक मुलगी, चांगी बिझनेस पार्कात दोघी बरोबर असतात, तिच्याकडे ते काम. तिनं एक फॉर्म पाठवला. चार रकाने: वस्तू कोणती, काळ, अंदाजे किंमत, निगा. त्यावरून पाटी छापून वस्तूपुढे ठेवायची. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलो, पुढे जन्मभर पिठाची गिरणी चालवली. पण चार रकाने भरायला कुणी लागत नाही मला. वस्तू, शिवराई. काळ, शिवाजी महाराजांचा. वडील सांगायचे, महाराजांच्या वेळची आहे म्हणून. पाटीवर एवढं एक यायला हवं होतं मला. बाकी तीन रकान्यांत त्यांनी काय वाट्टेल ते लिहावं.

त्या मुलीनं काय केलं, तर माझा फॉर्म उघडायच्या आधीच फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. "ही काय आहे, कोणी ओळखेल का?" असं विचारून. झालं. एक म्हणाला, लाखात जाईल. दुसरा म्हणाला, नकली वाटते, हल्ली अशा पोत्यानं पाडतात. तिसऱ्यानं लिहिलं, टूथपेस्ट लावा, चकाचक होईल. अरे, विचारलंय काय नि सांगताय काय! वस्तू कोणती ते विचारलं, तर हा किंमत सांगतोय, तो घासायला सांगतोय. डॉक्टरला विचारलं पोटात का दुखतंय, आणि शेजारचा ओरडतोय ऑपरेशनला खर्च किती येईल!

सून मला म्हणते, "बाबा, लाखाची असली तर बँकेत ठेवू या का?"

"देव बँकेत ठेवतेस का?" म्हटलं. त्या दिवशी मी चहासुद्धा घेतला नाही.

त्या ग्रुपवर एकच जण शहाणा निघाला. युनिव्हर्सिटीत धातूंवर संशोधन करणारा मुलगा, मूळचा पुण्याचा, फावल्या वेळात जुनी तांब्याची नाणी जमवतो. त्यानं लिहिलं, "फोटोवरून शिवराई आहे एवढंच सांगतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति' दिसतंय. काळ सांगणार नाही, किंमत तर नाहीच. आणि कृपा करून कुणी घासू नका." मी म्हटलं, याला घरी बोलवा.

रविवारी सकाळी आला सेरंगूनला आमच्या फ्लॅटवर. वाकून नमस्कार केला. खिशातून पत्त्यांच्या कॅटाएवढा वजनाचा काटा काढला, भिंग काढलं. शिवराई चिमटीत कडेनं धरली, पोटाला बोट लावलं नाही. ते मला आवडलं. वजन केलं, कड फिरवून बघितली, खिडकीशी जाऊन तिरप्या उजेडात धरली. मग पुन्हा काट्यावर ठेवली, पुन्हा खिडकीशी नेली.

"काय झालं? बोला की," म्हटलं.

"आजोबा, नाणं खरं आहे. पोत्यातलं नाही. पण शिवराई म्हणजे महाराजांच्याच वेळची, असं नसतं. महाराजांनी सुरू केली, त्यांच्यानंतर पेशवाईतही पाडत होते, पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनंसुद्धा पाडली. नाव तेच, मजकूर तोच."

"माझे वडील खोटं बोलले म्हणता?"

"नाही हो. ते शिवराई म्हणाले, ती आहेच. वय अक्षरांच्या वळणावरून ओळखतात, वजनावरून, कडेच्या ठिपक्यांवरून. 'छत्र' आणि 'पति'च्या मध्ये आडव्या दोन दांड्यांचं निशाण असलं तर उशिराची. दुदांडी म्हणतात तिला. इथं मध्ये एक रेघ आहे खरी. फोटोत मला वाटलं दांडीच. पण फोटोत उजेड एका बाजूनं असला की उठाव कुठला नि ओरखडा कुठला, कळत नाही."

"मग आता हातात आहे ना?"

"हातात आहे, पण उठावच राहिला नाहीये. ठिपके गेलेत, अक्षरांच्या कडा गेल्यात, दुसरी दांडी होती की नव्हती तेही दिसत नाही. वजनही म्हणून कमी भरतंय, मूळचं किती होतं सांगता येत नाही." मग जरा चाचरत म्हणाला, "घरात कुणी घासतं का हिला?"

कुणी म्हणजे? मी घासतो! साठ वर्षं, दर सणाला, चिंच आणि राख लावून. इथं राख मिळत नाही तर लिटिल इंडियातनं चिंच आणून जाड मिठानं घासतो. देवापुढं काळं भांडं ठेवत नाहीत आमच्यात. सोन्यासारखी लखलखते अजून. त्याला हे सांगितलं तर त्यानं मान खाली घातली.

"आजोबा, तांब्यावर जो काळपट थर चढतो ना, तो मळ नव्हे. नाण्याचं कातडं असतं ते. चिंचेनं ते निघतं, आणि मिठाबरोबर दर वेळी थोडं अक्षर जातं."

काय संताप आला मला! हे पोर, माझ्या गिरणीच्या पट्ट्यापेक्षा वयानं लहान, मला सांगणार की माझ्या हातानं महाराजांचं नाव पुसलं? मी म्हटलं, "उठा. चहा झाला असेल तर निघा."

तो उठला, पण गेला नाही. म्हणाला, "रागवा. पण आता यापुढं नका घासू. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, बास. आणि बाजारात किंमत विचाराल तर हॉकर सेंटरमधल्या स्वस्त टपरीवर दोन माणसं जेवतील, तेवढी. असली नाणी पुष्कळ आहेत. ती तुमच्याकडे आहे म्हणून तिला मोल." असल्या गोड बोलण्याचा मला तिटकारा आहे. मी दार उघडून दिलं.

दोन दिवस मी शिवराई तिरप्या उजेडात धरून बघत बसलो. ती रेघ. दांडी म्हणावी तर दांडी, ओरखडा म्हणावा तर ओरखडा. तो पोरगा खोटं बोलत नव्हता, हाच राग होता.

मग त्या प्रदर्शनवाल्या मुलीचा फोन आला. "आजोबा, मी पाटीवर 'शिवकालीन, अमूल्य ठेवा' टाकतेय हं. लोकांना आवडतं."

"तुम्हाला काय माहीत शिवकालीन आहे म्हणून?"

"अहो, तुम्हीच फॉर्मात लिहिलंय."

"मी लिहिलं तेव्हा मला माहीत नव्हतं. आता मला माहीत आहे की कुणालाच माहीत नाही. खोडा ते!"

"पण आजोबा, कोण तपासणार आहे?"

"मी तपासणार आहे! महाराजांचं नाव लावून खोटं बोलता? नाहीतर शिवराई येणार नाही."

ती रडकुंडीला आली असावी, पण लिहून घेतलं. एकेक शब्द सांगितला मी. वस्तू, तांब्याची शिवराई. काळ, ठरवता येत नाही. घरात महाराजांच्या वेळची मानतात. किमतीचा रकाना काढून टाका म्हटलं, रिकामासुद्धा नको. निगेपुढं ती म्हणाली, "'जपून ठेवलेली' लिहू?"

"नाही. 'साठ वर्षं चिंचेनं घासली, त्यामुळं अक्षर झिजलं' असं लिहा. आणि कोणी घासली तेही लिहा. घरातला म्हातारा."

प्रदर्शनाच्या दिवशी मी टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. जो यायचा तो पाटी न वाचता मोबाइल खाली धरून नुसत्या शिवराईचा फोटो काढायचा. एक चांगला चष्मेवाला माणूस फोटो काढून मला विचारतो, "काका, याची किंमत किती असेल हो?"

"वाचता येतं ना?" म्हटलं. "वाचा मग. मोठ्यानं वाचा."