मेगाबिटाला साडेचारशे

अयूब शेख हिशेबात चुकत नाही, असं आमच्या गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांचं मत होतं, आणि ते मत पसरवण्यात अयूबचा स्वतःचा वाटा मोठा होता. चंद्रपूरला बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच. आधी त्यानं रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग व्हीसीआर. दोन हजार सात-आठच्या सुमारास सोनारांना आणि कोळशाच्या डेपोवाल्यांना कॅमेऱ्यांचं वेड लागलं, तेव्हा आमचा अयूब एकदम कॅमेरेवाला झाला. दुकानाची पाटी तेवढी जुनीच राहिली.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहील? अयूब खुर्चीत मागे रेलायचा. मलाच ते भाषण इतक्यांदा ऐकावं लागलं की झोपेतही म्हणून दाखवीन. कॅमेरा सेकंदाला किती माल पाठवतो ते मेगाबिटात मोजतात, पण डिस्क विकतात बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. तासाचे सेकंद छत्तीसशे. छत्तीसशेला आठानं भागलं की साडेचारशे. म्हणून एक मेगाबिटवर लावलेला कॅमेरा तासाला साडेचारशे एमबी खातो, म्हणजे अर्ध्या जीबीपेक्षा थोडं कमी. "मेगाबिटाला साडेचारशे, बस," असं म्हणून तो चहा मागवायचा. चहाचे पैसे बहुतेक वेळा मी द्यायचो, पण ते जाऊ द्या.

राजुऱ्याकडे हेमराज शेठचा कोळशाचा डेपो आहे, तिथं अयूबनं चार कॅमेरे बसवले. दोन फाटकावर, एक वजनकाट्यावर, एक आत. प्रत्येकाला अर्धा मेगाबिट. चौघांचे मिळून दोन मेगाबिट, तासाला नऊशे एमबी, दिवसाला साडेएकवीस जीबीच्या आसपास. रेकॉर्डिंगच्या यंत्रात पाचशे जीबीची डिस्क. अयूबनं शेठला तीन आठवड्यांची खात्री दिली, आणि ती खरीच होती. डिस्क भरली की यंत्र सगळ्यात जुनं पुसतं आणि त्यावर नवं लिहितं, हेही त्यानं सांगितलं. यंत्र ठेवलं फाटकावरच्या कोठडीत, कारण लाइटचा पॉइंट तिथंच होता.

त्या कोठडीत मनसाराम बसायचा. फाटकावरचा चौकीदार. डेपोपासून जवळच त्याचं गाव, घरचे सगळे तलावात मासे धरणारे. यालाच तेवढी नोकरी, म्हणून गावात मान. अयूब तारा ओढत होता तेव्हा मनसारामनं त्याला शिडी धरून दिली, आणि पडद्यावर स्वतःला पाहून तो लाजला. नंतर अयूब त्या बाजूला गेला की मनसाराम त्याच्यासाठी तलावातला मरळ मासा ठेवायचा, आणि त्यातली अर्धी माझ्या घरी यायची. त्यामुळे मी त्याला न भेटताच त्याच्या बाजूचा झालो होतो.

घोळ झाला तो नंबरांवरून. कोळशाच्या गाड्या. नंबरपाट्यांवर काळी पूड चढलेली, त्यात गाडी हलत असली की पडद्यावर सगळे चौकोन चौकोन व्हायचे. शेठनं फोन केला, "अयूब, नंबरच नाई दिसून राह्यला तं तुया कॅमेऱ्याचा उपेग काय?" अयूब गेला, चारही कॅमेरे अर्ध्यावरून दोन मेगाबिटवर नेले. चित्र लख्ख झालं, पुडीखालचे आकडेसुद्धा उमटले. शेठ खूश, अयूब खूश. साडेचारशे मात्र त्या दिवशी त्याला आठवलं नाही. गिऱ्हाईकाला पाढा म्हणून दाखवणारा माणूस तो स्वतःसाठी एकदा म्हणायला विसरला.

पुढे एक गाडी वजन न करताच डेपोबाहेर गेल्याचं उघड झालं. ते कळायला आठवडा उलटून गेला होता. डेपोचा मुन्शी म्हणाला, फाटकाचा बांबू मनसारामनं उचलला. मनसाराम म्हणाला, त्या दुपारी मुन्शीनंच मला आत पाठवलं होतं, मी फाटकावर नव्हतोच. दोघांत कोण खरं, ते ठरवायला कॅमेरे होतेच. मनसाराम सगळ्यांसमोर म्हणाला, "अयूबभाऊच्या डब्ब्यात पाहा ना. त्याच्यात सगळं हाय."

डब्ब्यात ती दुपार नव्हती. जेमतेम सहा दिवसांचं रेकॉर्डिंग होतं, त्याच्या आधीचं काही नाही. शेठला तीन आठवडे सांगितलेले, आणि डब्बा मनसारामच्या कोठडीत. शेठनं दोन अन् दोन चार केले. चोर तो चोर, वर पुरावाही पुसला.

अयूबला बोलावलं. त्यानं पडद्यावर पहिली तारीख पाहिली आणि तिथल्या तिथं त्याला कळलं, हे तो मला नंतर म्हणाला. चार कॅमेरे, दोन-दोन मेगाबिट, म्हणजे आठ. आठ गुणिले साडेचारशे, तासाला तीन हजार सहाशे एमबी. दिवसाला शहाऐंशी जीबी. पाचशेची डिस्क सहा दिवससुद्धा धड पुरत नाही. कोणी काही पुसलं नव्हतं. यंत्रानं त्याला सांगितलेलं काम केलं होतं.

"कोनी पुसलं असन काय?" शेठनं विचारलं. मनसाराम दाराशी उभा होता, अयूबकडे बघत.

"पाहावं लागन, शेठ," अयूब म्हणाला.

एवढंच. आणि तो गाडीला किक मारून चंद्रपूरला आला.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की अयूबचं काहीतरी बिनसलंय. त्याच्या बायकोनं, अमिना भाभीनं, घरून पाठवलेला जेवणाचा डबा तो तसाच परत पाठवायचा. गिऱ्हाईकानं दिवस विचारले की भाषण न देता नुसता आकडा सांगायचा. एकदा माझ्या दुकानात येऊन बसला, बिघडलेल्या झेरॉक्सचा कागद ओढला आणि त्याच्या पाठीवर तोच गुणाकार मांडला. मग खोडला. मग पुन्हा मांडला, जणू आता वेगळं उत्तर येणार होतं.

"काय करून राह्यला बे?" मी विचारलं.

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मनसारामला शेठनं काढून टाकलं, हेही.

मी चिडलो. मित्र असला म्हणून काय झालं. "मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"शेठ आनखी दोन डेपोचं काम देनार होता," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "ते बी खरं नाई, श्रीहरी. शरम वाटली. येवढ्या लोकांसमोर कसा सांगू का मीच गनित केलं नाई?"

लाज सगळ्यांनाच असते. पण याच्या लाजेपायी दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आली होती, आणि ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो शेठकडे गेला. जाताना मला म्हणाला, "चाल माह्यासंग." मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

शेठसमोर अयूबनं काही लपवलं नाही. चित्र साफ करायला मेगाबिट चौपट केले, त्यामुळे दिवस चौथाईवर आले, ते आपण मोजलं नाही, मनसारामनं डब्ब्याला हात लावला नाही. बोलताना तो घामानं भिजला होता. मला वाटलं शेठ आता कडाडेल, आणि खरं सांगतो, अयूबलाही तेच हवं होतं.

शेठ हसला. "अरे, होते कधी कधी. नवा मानूस ठेवला म्या फाटकावर. तू आता मोठी डिस्क टाक. तीन आठवड्याले किती लागन?"

अयूबनं या वेळी बोटांवर गुणाकार केला. "दोन टीबी, म्हन्जे दोन हजार जीबी," तो म्हणाला. "एकेक टीबीच्या दोन."

"टाक मंग. आन् त्या दोन डेपोचं बी पाहून घे."

"मनसारामले परत घ्या, शेठ."

"तो विषय संपला," शेठ म्हणाला, आणि फोनवर लागला.

बाहेर आल्यावर अयूब गाडीच्या सीटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. चुकीची शिक्षा म्हणून माणसाला जास्तीचं काम मिळतं, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यानं गाडी चंद्रपूरकडे न वळवता मनसारामच्या गावाकडे वळवली.

मनसाराम तलावाच्या पाळीवर जाळं पसरून बसला होता. अयूबला येताना पाहून तो उठलाच, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मला अजून आठवायला नको वाटतं. "सापडलं का भाऊ?" तो म्हणाला. "मले ठाव होतं, तुमी काढानच म्हून."

इतके दिवस तो वाट पाहत होता. अयूब 'पाहावं लागन' म्हणाला होता, म्हणजे पाहत असेल, असं धरून.

अयूबनं उभ्याउभ्याच सांगितलं. मेगाबिट, साडेचारशे, काही नाही. फक्त एवढंच की डब्ब्यात जागा कमी पडली, त्यानं जुनं पुसून टाकलं, आणि ती चूक माझी.

मनसारामनं ते नीट ऐकून घेतलं. "म्हन्जे त्या दुपारचं व्हतं त्याच्यात?"

"व्हतं."

"आन् मी पुसलं नाई."

"नाई भाऊ. तुमी नाई पुसलं. माह्याच्यानं गेलं."

मनसाराम रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं अयूबचा दंड धरला. "चाला घरी. हे गिरजाले सांगा. ती माह्यासंग बोलून नाई राह्यली."

घर जवळच होतं. त्याची बायको गिरजाबाई अंगणात मासे साफ करत होती. आम्हाला पाहून तिनं पदर सारखा केला, पण जागची उठली नाही. अयूब तिच्यासमोर खाली उकिडवा बसला आणि सगळं पुन्हा सांगितलं. रेकॉर्डिंग मनसारामनं पुसलं नाही, पुसलं गेलं ते माझ्यामुळं, शेठलाही आत्ताच सांगून आलो. मनसाराम माझ्या शेजारी उभा राहून तिच्या तोंडाकडे पाहत होता.

गिरजाबाईनं विळा बाजूला ठेवला, हात धुतले.

"बरं," ती म्हणाली. "पुसलं नाई यायनं. आन् गाडी? ते गाडी यायनं सोडली का नाई, ते सांगा."

अयूबनं मनसारामकडे पाहिलं. 'नाई', एवढा एक शब्द पुरे होता. माझ्यासारख्यानं तो बेधडक ठोकून दिला असता.

"मले मालूम नाई, बाई," अयूब म्हणाला.

मनसाराम वळला आणि तलावाकडे चालू लागला.