पाचशेचा एरर कुणाचा

बायकोची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा पुण्याची नोकरी सोडून मीही तिच्या मागे आलो. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये एका लहानशा कंपनीत काम मिळालं. लोकांच्या वेबसाइट बनवायच्या आणि सांभाळायच्या. आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बंगाली बाई बसायच्या. चाळिशीच्या. मुलगी झाल्यावर बरीच वर्षं घरी राहून त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. मी त्यांना दीदी म्हणायचो, त्या मला दादा. आमचं बोलणं हिंदीतून चालायचं, दोघंही एकमेकांना ‘आप’ म्हणायचो. पहिल्या महिन्यात मला या शहरात कुणीच ओळखीचं नव्हतं. कुठल्या रूटच्या ऑटोत बसायचं, घरमालकाशी भाडेकराराचं काय बोलायचं, मासळी न खाणाऱ्या माणसाने दुपारी कुठे जेवायचं, हे सगळं मला दीदींनी शिकवलं. बंगालीतली पहिली चार वाक्यंही त्यांचीच.

आमच्याकडे कोलकात्यातल्याच बागबाजारच्या एका संस्थेची वेबसाइट होती. बाहेरगावाहून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना ही संस्था राहायला खोल्या देते. वेबसाइटवर एक फॉर्म होता. आसामातून, त्रिपुरातून, उत्तर बंगालातून लोक तो भरायचे, आणि भरताच खोली आहे की नाही हे त्यांना मोबाइलवर मेसेजने कळायचं. संस्थेचं काम एक वयस्कर बाई बघायच्या. काही अडलं की त्या आम्हालाच फोन करायच्या.

मला येऊन दोन वर्षं होत आली होती. दिवाळीतली कालीपूजा होऊन गेली होती, त्या आठवड्यातला सोमवार. दर सोमवारी सगळ्या साइटचे प्लगिन अपडेट करायचे, हे काम दीदींकडे होतं. वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटला एखादी सोय जोडायची असेल तर तिचं तयार पाकीट मिळतं, ते प्लगिन. बागबाजारच्या साइटवरचा फॉर्मही अशाच एका प्लगिनवर चालायचा. त्या दिवशी त्याचीच नवी आवृत्ती आली होती.

अकराच्या सुमाराला त्या वयस्कर बाईंचा फोन आला. ‘‘दादा, आमचं पान उघडत नाही. नुसतं पांढरं दिसतंय.’’

मी उघडून पाहिलं. पांढऱ्या पानावर एकच ओळ होती, साइटवर गंभीर बिघाड झाला आहे अशी. त्याच्या मागे सर्व्हर सांगत होता तो आकडा पाचशे. इंटर्नल सर्व्हर एरर. सर्व्हरच्या आत काहीतरी मोडलंय, काय ते सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लॉगिनचं पान उघडायला गेलो, तिथेही तेच. म्हणजे आत शिरून प्लगिन बंद करायची वाटही बंद झालेली.

‘‘तुम्ही काय केलंत?’’ मी दीदींना विचारलं.

‘‘फॉर्मचा प्लगिन अपडेट केला. फक्त तोच. त्याआधी बॅकअप घेतलाय.’’

यावरचा उपाय या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो. सर्व्हरवर प्लगिनचं सगळं फोल्डरच दुसऱ्या नावाने ठेवायचं. वर्डप्रेसला प्लगिन सापडत नाहीत, एकही चालू होत नाही, आणि दोष प्लगिनचा असेल तर साइट उभी राहते. मी फोल्डरचं नाव बदललं आणि पान पुन्हा उघडलं.

पाचशे.

तिथेच माझं डोकं चुकीच्या वळणावर गेलं. एकही प्लगिन चालू नाही तरी साइट पडलेली, मग दोष प्लगिनचा कसा असेल? शिवाय प्लगिन मोडला की वर्डप्रेस ऑफिसच्या पत्त्यावर मेल पाठवतं, तोही आला नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं की दीदींनी आणखी कुठेतरी हात लावलाय आणि आता त्या सांगत नाहीत.

‘‘प्लगिनची जुनी आवृत्ती टाकून बघू का?’’ त्यांनी हळूच विचारलं.

‘‘अख्खं फोल्डर काढलं तरी फरक नाही. जुनी आवृत्ती टाकून काय होणार?’’

‘‘मग लॉग बघू या? चूक कुठल्या फाइलमध्ये आहे ते त्यात लिहिलेलं असेल.’’

तेवढ्यात मालक केबिनमधून बाहेर आले. संस्थेच्या बाईंनी त्यांनाही फोन केला होता. ते येऊन आमच्या मागे उभे राहिले. आणि मी आवाज चढवला. ‘‘लॉग नंतर. आधी खरं काय ते सांग. साइटच्या थीमला हात लावलास? कुठली फाइल उडवलीस?’’

मी ‘आप’वरून ‘तुम’वर आलो होतो. आमच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच. दीदींच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तो बदल त्यांनी ऐकलाय. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘नाही दादा, मी आणखी काही केलेलं नाही.’’ मालक केबिनमध्ये परत गेले. बाकीचे सहा जण आपापल्या स्क्रीनकडे बघत होते.

पुढचे दोन तास मी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीशी फोनवर भांडण्यात घालवले. त्यांचा माणूस शांतपणे सांगत राहिला, ‘‘सर, आमचा सर्व्हर ठीक आहे. तुमच्या कोडमध्ये चूक आहे. एरर लॉग बघा.’’ दीदी जे म्हणाल्या होत्या तेच. त्यांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

मधल्या वेळात दीदींनी मला न विचारता वर्डप्रेसच्या मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या. चुका लोकांना पानावर दाखवू नकोस, फाइलमध्ये लिहून ठेव, असं सांगणाऱ्या. मग त्यांनी पान एकदा उघडलं आणि ती फाइल वाचली. मी फोन ठेवला तेव्हा त्यांचा स्क्रीन माझ्याकडे वळवलेला होता. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

लॉगमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा आली होती. अस्तित्वात नसलेलं एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, बोलावलं जात होतं. ज्या फाइलमधून ते बोलावलं जात होतं ती प्लगिनच्या फोल्डरमध्ये नव्हतीच. ती शेजारच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होती. त्याला मस्ट-यूज म्हणतात. त्यातल्या फाइली आपोआप चालू होतात, कुणाला बटण दाबून बंद करता येत नाहीत, आणि प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं तरी त्यांना धक्का लागत नाही. त्यांच्यात बिघाड झाला तर वर्डप्रेस मेलही पाठवत नाही.

फाइलच्या डोक्यावर माझं नाव होतं.

कंपनीत आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मी ती लिहिली होती. फॉर्म भरला की मोबाइलवर मेसेज जायचा तो याच फाइलमुळे. कुणी चुकून बंद करू नये म्हणून मीच ती तिथे ठेवली होती, आणि कुठेही नोंद केली नव्हती. घाईत असं लिहिलं होतं की साइटचं कुठलंही पान उघडलं तरी ती फॉर्मच्या प्लगिनमधलं एक फंक्शन बोलवायची. ते आहे की नाही हे आधी तपासायचं असतं, ते मी केलं नव्हतं. नव्या आवृत्तीत ते जुनं फंक्शन काढून टाकलेलं होतं. आणि मी अख्खं फोल्डर बाजूला केलं तेव्हाही ते नव्हतंच, म्हणून एरर गेला नाही. जुनी आवृत्ती टाकली असती तर साइट सव्वाअकरालाच उभी राहिली असती.

मी त्या फाइलचं नाव बदलून ती बंद केली. पान उघडलं. प्लगिनच्या फोल्डरला मूळ नाव दिलं, फॉर्मही दिसू लागला. मग फाइलमध्ये नवं फंक्शन घातलं, आधी तपासणी लावली, ती परत सुरू केली आणि स्वतः एक फॉर्म भरून पाहिला. माझ्या मोबाइलवर मेसेज आला. चार वाजत आले होते.

बागबाजारला फोन करून सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘बरं झालं. सकाळपासून किती जणांनी उघडून पाहिलं असेल, देव जाणे. आमचा फोन नंबरही त्याच पानावर असतो ना.’’ पांढरं पान बघून परत गेलेल्यांची कुठे यादी होत नाही.

मालकांनी विचारलं, ‘‘काय होतं?’’

‘‘प्लगिनवाल्यांनी एक जुनं फंक्शन काढून टाकलं, सर. अपडेट केल्यावर आपला कोड अडकला.’’

यातला शब्द न् शब्द खरा होता. मालकांनी दीदींकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘यापुढे अपडेट करताना जरा बघून.’’ दीदी माझ्याकडे बघत होत्या. फार नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मी मान खाली घालून मेल उघडला.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. सोमवारचं काम मालकांनी दीदींकडून काढून दुसऱ्याला दिलं. पूर्वी त्या स्वतःहून सुचवायच्या, ते बंद झालं. फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं, घरगुती अडचण. शेवटच्या दिवशी सगळ्यांना मिठाई वाटली, मलाही दिली. ‘‘भालो थाकबेन,’’ म्हणाल्या. बरे राहा. एवढं बंगाली मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तू साहेबांना सांगितलं नाहीस?’’

‘‘नाही.’’

‘‘चार महिन्यांत एकदाही नाही?’’ मग ती भाजी चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं. फाइल माझी होती, चूक माझी होती, लॉग दीदींनी शोधला, मी नाही. मालक चष्मा पुसत म्हणाले, ‘‘आता सांगून काय फायदा? ती गेली ना.’’ ते माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. दुसऱ्या साइटचं काम कधी होतंय, एवढंच विचारलं.

दीदींना फोन करायला मला आणखी आठवडा लागला. त्यांच्यामागे कुकरचा आवाज येत होता.

‘‘दीदी, मी सरांना खरं सांगितलं.’’

‘‘अच्छा.’’

‘‘मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं.’’

त्या म्हणाल्या, ‘‘दादा, त्या फाइलवर तुमचं नाव मी तुमच्या आधी वाचलं होतं. मुद्दाम काही बोलले नाही. वाटलं, तुम्हीच सांगाल. मालक येऊन विचारत होते तेव्हाही वाटलं, आता सांगाल.’’

नवीन नोकरीचं काही जमतंय का, असं विचारलं. बघतेय, म्हणाल्या. पंधरा वर्षांनी बाहेर पडून मिळालेली ही पहिली नोकरी होती, आता दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सगळं पहिल्यापासून. आवाजात राग नव्हता. मुलीच्या क्लासची वेळ झाली म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी अजून त्याच कंपनीत आहे. त्यांच्या टेबलावर आता एक गृहस्थ बसतात. चांगले आहेत. ते मला ‘आप’ म्हणतात, मीही त्यांना. त्यांच्या हातून काही बिघडलं तर मी आधी लॉग उघडतो. याहून जास्त सुधारणा माझ्यात झाली आहे असं मला म्हणता येणार नाही.