आईच्या फोटोवरची अक्षरं

आई गेली तेव्हा भाऊ आखातात होता. एका कंपनीत गाडी चालवत होता. अंत्यविधीला तो पोहोचणं शक्यच नव्हतं, पण जलदान विधीला तरी यायचंच, असं तो फोनवर पुन्हापुन्हा म्हणत होता. सुटी देणाऱ्या साहेबाला मृत्यूचा पुरावा हवा होता. गावचा ग्रामसेवक तालुक्याला टँकरच्या कामावर अडकला होता, त्यामुळे दाखला कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. भावानं मग जे हाताशी होतं ते दाखवलं. आमच्या चुलतभावानं लातुरात छापून निलंग्याच्या चौकात लावलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं चित्र त्यानं मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून अरबीत करून घेतलं आणि साहेबापुढे धरलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"अक्का, साहेब म्हणतोय, ह्यात तर तुझाच फोटो हाय. मग मेलं कोण?"

मी ते चित्र पहिल्यांदाच नीट उघडून पाहिलं. मधोमध आई. खाली शोकाकुल म्हणून ओळीनं चेहरे, आणि त्यांत हौसेनं सगळ्यांत मोठा घातलेला माझ्या भावाचा, गॉगलसकट. तळाशी चुलतभावाच्या समितीची पट्टी, 'जिल्हा झालाच पाहिजे'. ती अक्षरं ठसठशीत आणि काळी असल्यानं मोबाइलनं तेवढी मात्र बरोबर वाचली होती.

"आणखी काय म्हणला?"

"म्हणला, ही जिल्ह्याची मागणी आमच्या कंपनीकडं कशाला आणली."

तो हसला आणि लगेच रडायला लागला. फ्लेक्सवरच्या सगळ्या मजकुराचा नीट अरबी तर्जुमा, खाली करणाऱ्याची सही, एवढं आणलं तर साहेब विचार करणार होता. मी फोन ठेवला आणि पहाटेच्या गाडीनं गावाहून नांदेडला निघाले. तिथल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. शाळेजवळच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ राहत. आखातातल्या कचेऱ्यांत त्यांनी अनेक वर्षं दुभाषाचं काम केलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर घरीच अरबी शिकवत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

उस्तादांनी चित्र पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"बेटी, मराठी मला येतं. पण हे मराठी न्हाई, ही मेहंदी हाय."

मी पटकन सांगायला लागले, आईचं नाव, गाव, तारीख. त्यांनी हात वर केला.

"तुला ठाऊक हाय ते नको. चित्रात दिसतंय ते सांग. अगोदर साध्या अक्षरात उतरव, वरून खाली. जे वाचता येत न्हाई तिथं रिकामी जागा सोड. तर्जुमा मग."

मी कागद घेऊन बसले. वरची 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुलेखनात होती. सगळ्या अक्षरांची शिरोरेषा एकच करून ती वेलीसारखी फोटोभोवती फिरवलेली, आणि शेवटच्या वेलांटीला पणतीची ज्योत लावलेली. ती ज्योत वेलांटी आहे हे कळायला मला वेळ लागला, मोबाइलला तर कळणारच नव्हतं. तारीख पिवळ्या अंकांत झेंडूच्या हारावर पडली होती. उस्तादांनी चित्र मोठं केलं, रंग काढून ते करडं केलं, मग उजेड कमी केला. झेंडू काळवंडले आणि अंक वर आले.

"महिना मी अक्षरात लिहितो," ते म्हणाले. "चित्रातला तुमचा एक त्यांना नऊ दिसतो. साहेब म्हणेल, बाई अजून मरायची हाय."

मी हसले नाही. ते ओशाळले आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

जलदान विधी या शब्दापाशी ते थांबले. शब्दाला शब्द ठेवला तर पाणीवाटप होईल, म्हणाले. दुष्काळ आहे, टँकरची जाहिरात वाटेल. त्यांनी मला विधीत काय करतात ते विचारलं आणि मृत व्यक्तीच्या स्मरणाचा बौद्ध धार्मिक विधी असं लिहिलं.

उरलं आईचं नाव. फ्लेक्स करणाऱ्यानं आईच्या मागे धबधबा लावला होता. आमच्या गावाच्या आसपास असा धबधबा कुणी पाहिलेला नाही. नाव पांढऱ्या, तिरक्या अक्षरांत बरोबर त्या फेसावर होतं. मी ते झटक्यात वाचलं आणि कागदावर लिहिलं.

उस्तादांनी कागद बाजूला केला. "आता खरं सांग. तुला हे दिसलं, का ठाऊक होतं?"

मी पुन्हा पाहिलं. एक काना दिसत होता. एक मात्रा होती, किंवा ती पाण्याची धार होती. ते रंग उलटे करून पाहू लागले. फेस काळा झाला, अक्षरंही त्याच्याबरोबर काळी झाली.

"मी इथं 'वाचता येत नाही' असंच लिहिणार."

"उस्ताद, नावाशिवाय तो कागद कशाचा? मग तर कुणाचीही आई होईल."

"खरंय. पण साहेबापुढे हेच चित्र हाय. त्यात न दिसणारं मी लिहिलं आणि त्यानं बोट ठेवून विचारलं, हे कुठाय, तर तुझ्या भावाची बाकीची अक्षरंही खोटी ठरतात."

मला त्यांचा राग आला. ते बरोबर आहेत हे कळत असूनही आला. दुपार सरत होती. भावाची कचेरी बंद व्हायला फार वेळ नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आठवड्याची सुटी होती. मग मी लातूरच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला. ज्या फाइलवरून छापलं ती त्याच्याकडे असेलच, त्यातलं मागचं चित्र काढून नुसता मजकूर पाठवा, असं म्हटलं.

"ताई, फोटो काढला तर त्यात उरतंय काय?"

"नाव."

"डिझाइन आवडलं न्हाई का? धबधबा मी खास टाकला. लोक खूश होतेत. पाणी दिसलं पाहिजे म्हणतेत."

"छान आहे. पण मला आत्ता नुसती अक्षरं हवीत."

"लाइट गेलीय. आली की करतो."

आम्ही बसून राहिलो. उस्ताद नमाज पढून आले. त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो निवला. भावाचे मेसेज येत होते, 'झालं का', आणि थोड्या वेळानं नुसतंच प्रश्नचिन्ह.

शेवटी फाइल आली. धबधबा नव्हता, हार नव्हता, आई नव्हती. तिच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा चौकोन. अक्षरं पांढऱ्यावर दिसावीत म्हणून फ्लेक्सवाल्यानं ती काळी केली होती. तीच अक्षरं, त्याच जागी, तशीच तिरकी. नाव स्वच्छ वाचता येत होतं. उस्तादांनी दोन्ही चित्रं शेजारी धरून एकेक ओळ ताडून पाहिली आणि मान डोलावली.

"आता नाव म्हण. मोठ्यानं. अरबीत तुमचा ळ न्हाई, तो मला जवळच्या अक्षरानं भागवावा लागेल."

आईचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. घरात ते कुणीच घेत नसे. ती कुणाची तरी आई, कुणाची तरी काकू होती. पहिल्यांदा म्हटलं ते इतकं हळू, की उस्तादांनी कान पुढे केला. त्यांनी घाई केली नाही. पुन्हा म्हटलं, मग आणखी एकदा. त्यांनी लिहिलं, वरखाली बारीक स्वरचिन्हं घातली, म्हणजे वाचणाऱ्याची जीभ अडखळणार नाही, आणि ते मला वाचून दाखवलं. थोडं वेगळं वाटलं. पण तीच होती.

सही करून, दोन्ही चित्रं जोडून आम्ही कागद पाठवला. कचेरी बंद व्हायच्या आत तो साहेबाच्या हातात पडला की नाही, हे मला बराच वेळ कळलं नाही. उस्तादांच्या ओट्यावर मी नुसती बसून होते.

मग भावाचा फोन आला. मागं कुणीतरी अरबीत मोठ्यानं काहीतरी सांगत होतं.

"अक्का," तो म्हणाला, "साहेब म्हणतोय जा. बॅग भरायलोय."

"जेवलास का?" मी विचारलं.