एका खोक्याची बाकी

गेल्या मे महिन्यात जळगावच्या एका पाईप वितरकाने शिरपूरच्या एका दुकानाकडची अठराशे चाळीस रुपयांची वादातली बाकी पत्र लिहून सोडून दिली. वर्तमानपत्राची नोकरी सोडल्यानंतर मी त्या वितरकाच्या कार्यालयात पत्रव्यवहार पाहत होतो. हे पत्र दोनदा लिहावे लागले.

वाद पाईपच्या जोडण्यांच्या, म्हणजे फिटिंगच्या, एका खोक्याचा होता. आमच्या गोदामाच्या नोंदीत खोके गाडीत भरलेले होते. शिरपूरच्या दुकानात ते पोचले नाही, असे दुकानदाराचे म्हणणे. पण पोचपावतीवर त्यांची सही होती, शेरा नव्हता. या भागात तशी रीतच आहे. गाडीवाला इंजिन बंद करत नाही. आधी सही होते, मग माल उतरतो, मोजणी मागाहून होते आणि काही कमी असले तर संध्याकाळपर्यंत फोन जातो. दुकानदाराने बिलातून खोक्याचे पैसे कापून बाकीचे भरले. पुढे दोन महिन्यांत ते वारले. दुकान त्यांच्या पत्नी चालवू लागल्या.

जुनी बाकी दिसली की संगणक नवा माल अडवतो. त्यांची मे महिन्याची मागणी अशीच अडकली. कापसाच्या लागवडीआधी शेतकऱ्यांना पाईप हवे असतात. नंतर आलेला माल दुकानात पडून राहतो.

मालकांनी निर्णय घेतला, "सोडून द्या. जुनं गिऱ्हाईक आहे. चांगलं पत्र लिहा." मी लिहिले: 'आपले जुने संबंध लक्षात घेऊन, सद्भावना म्हणून, आपल्याकडील बाकी माफ करण्यात येत आहे.' पोच म्हणून सही केलेली प्रत परत आली की खाते मिटणार होते.

चार दिवसांनी त्या बाई एसटीने जळगावला आल्या. पत्र त्यांनी मालकांच्या टेबलावर ठेवले. शेजारी पैसे ठेवले.

"अक्का, सोडलेले पैसे परत करायला आलेल्या तुम्हीच पहिल्या," मालक हसून म्हणाले. "बसा. चहा घ्या."

"तुमना चहा बी माफीना शे का?" बाईंनी अहिराणीत विचारले.

हिशेबनीसही हसले. बाई हसल्या नाहीत.

"भाऊ, माफ कसाले? ज्यानं बुडाडं त्याले माफ करतस. मना घरवालानी खोटं सांगं का? तसं व्हई तर हाई पैसा ल्या. नही तर हाऊ कागद बदला."

आम्हाला हवी असलेली रक्कम समोर होती. ती उचलली असती तर खाते तिथेच मिटले असते आणि माल सुटला असता. त्यांच्या यजमानांनी खोटे सांगितले, हेही मग कागदावर कायम राहिले असते. मालकांनी पैशांना हात लावला नाही.

"फोन आला होता," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी. मीच घेतला होता. गोदामात विचारतो म्हणालो, आणि राहून गेलं."

हे कार्यालयात कोणालाच माहीत नव्हते. फाईलमध्येही नव्हते. मालक माझ्याकडे वळले. "हे पत्रात लिहा."

"शेठ, हे लिहून दिलं तर चूक आपल्यावर येते," हिशेबनीस म्हणाले. "नुसतं सोडून दिलं म्हणा."

"येऊ द्या."

बातमीत माणसे स्वतःबद्दलचे वाक्य काढून टाकायला सांगतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. ते घाला म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मी टाईप करायला बसलो.

मालकांच्या नावाचे दुसरे पत्र असे होते: 'एक खोके कमी आल्याचे आपल्या यजमानांनी त्याच संध्याकाळी मला फोनवर कळवले होते. मी त्याची नोंद केली नाही. खोके कुठे राहिले, हे आता ठरवता येत नाही. ही रक्कम आम्ही आमच्या खर्चात घेत आहोत. या बिलापोटी आपल्याकडून आमचे काहीही येणे नाही.' हिशेबनीसांच्या आग्रहावरून एक ओळ वाढली: 'ही तडजोड या एका बिलापुरती आहे.'

बाईंनी पत्र स्वतः वाचले. शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"हाई बराबर शे," त्या म्हणाल्या. "दर खेपले असं थोडीच चाली."

त्यांनी पैसे पिशवीत टाकले आणि चहा घेतला. पत्राच्या प्रतीवर पोच म्हणून सही केली.

हिशेबनीसांनी रक्कम सोडून दिलेल्या पैशांच्या, म्हणजे कसर-वटाव, खात्याला टाकली. त्या बिलावर भरलेला जीएसटी परत मिळणार नव्हता, तो आम्हीच सोसला. शिरपूरचे खाते शून्यावर आले. त्याच दुपारी मागणीवरची अडवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुळ्याच्या रस्त्याने शिरपूरला गेली.