कोमट इंजिन

ग्लेनिस ट्रेविनला माणसांपेक्षा यंत्रं जास्त कळतात, असं तिच्याबद्दल खोऱ्यात बोललं जाई, आणि ते काही सगळंच कौतुकानं नसे. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई सकाळी शाळेची बस चालवायची, दुपारी तीच बस परत आणायची, आणि मधल्या वेळात कंबरेचा पेजर वाजला की नारिंगी डगला चढवून बचाव पथकाच्या ट्रकवर बसायची. पथकाचं काम फुकटच. बावीस वर्षं ती ते करत होती. गिप्सलँडच्या या डोंगराळ भागात रस्त्यावरच्या अपघातांइतकेच कुरणातले अपघातही तिच्या वाट्याला आले होते, आणि एक गोष्ट तिला पक्की ठाऊक झाली होती: इथली माणसं दुखणं कधी खरं सांगत नाहीत. हाड मोडून बाहेर आलं असलं तरी "ठीक आहे, जरा लचकलंय" म्हणतील. तिला याचा मनस्वी राग यायचा.

त्या नोव्हेंबरच्या सकाळी पावणेदहाला पथक लिंडसे पॅस्कोच्या कुरणावर पोचलं. ट्रक माथ्यावरच थांबवून ग्लेनिस बाजूनं चालत खाली उतरली. ट्रॅक्टरच्या खालच्या अंगाला कुणी जायचं नाही, हे तिनं सोबतच्या तिघांना दोनदा बजावलं.

ट्रॅक्टर डाव्या कुशीवर पडला होता. निलगिरीच्या जुन्या, जळक्या बुंध्याला टेकला म्हणून थांबला होता, नाहीतर थेट ओढ्यात गेला असता. मागे जोडलेला स्लॅशर, म्हणजे नेचे कापायचं ते जड पोलादी ताट, अर्धवट हवेत लोंबत होतं. आणि डाव्या मडगार्डच्या कडेखाली, दोन्ही मांड्या चेपलेल्या अवस्थेत, लिंडसे उताणा पडला होता. वय सदुसष्ट. चेहरा पिठासारखा पांढरा. टोपी मात्र डोक्यावर जशीच्या तशी.

त्याची बायको कोरल त्याच्या उशाशी गुडघे टेकून बसली होती. शेजारचा बेव्हन स्वतःचा ट्रॅक्टर आणि जाडजूड साखळी घेऊन वर तयार उभा होता.

"साखळी अडकवतो आणि ओढून काढतो," बेव्हन म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या लाकडी ठोकळ्यांचा खेळ नंतर मांड."

"ओढलास की तो बुंध्यावरून गरकन फिरेल आणि याच्या छातीवर येईल," ग्लेनिस म्हणाली. "तुझा ट्रॅक्टर वर सपाटीवर लाव, गिअरमध्ये टाक, ब्रेक लाव, चाकांना ठोकळे लाव. आणि किल्ली माझ्याकडे दे."

"किल्ली कशाला?"

"तुला ओळखते म्हणून."

बेव्हननं तोंड वाकडं केलं, पण किल्ली दिली.

मग कामाला सुरुवात झाली. ग्लेनिसनं आधी पडलेल्या ट्रॅक्टरची चावी काढली, बॅटरीची तार सोडवली, डिझेल कुठं गळतंय का ते पाहिलं. ट्रॅक्टरच्या सांगाड्याला पट्टा गुंडाळून तो वरच्या बेव्हनच्या ट्रॅक्टरला ताणून बांधला. ओढायला नाही, फक्त धरून ठेवायला. लोंबणाऱ्या स्लॅशरखाली लाकडांची चवड रचली, कारण ते धूड अचानक खाली बसलं असतं तर अख्खा ट्रॅक्टर हलला असता. बुंध्याच्या फटीत पाचरी ठोकल्या. हे सगळं चालू असताना ती लिंडसेशी बोलत राहिली. माणूस बोलता ठेवायचा, एवढं तर पहिल्या दिवशीच शिकवतात.

"कसं झालं, लिंडसे?"

"आडवा चाललो होतो," तो थांबत थांबत म्हणाला. "एक ओंडका आला मधे. स्लॅशर वर उचलला. तेवढ्यात खालचं चाक वॉम्बॅटच्या बिळात गेलं."

ग्लेनिसला चित्र लख्ख दिसलं. उतारावर आडवं जायचं, त्यात मागचं वजन उचलून उंच करायचं, आणि नेमकं खालचं चाक हातभर खड्ड्यात. नेच्यांच्या दाटीत त्या खणत्या जनावराचं बीळ कुणाला दिसणार? ट्रॅक्टर पडायला मग वेळ लागत नाही. तिनं वर पाहिलं. सीटच्या मागची, ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी कमान खाली दुमडलेली होती.

"कमान का पाडली होतीस?"

"शेडचं दार बुटकं आहे."

"शेडमधून बाहेर आल्यावर उभी करायची असते ती, गाढवा. आणि मग सीटचा पट्टा बांधायचा असतो."

"माहितीय," लिंडसे म्हणाला. कोरलनं मान खाली घातली.

"पडल्यावर इंजिन कुणी बंद केलं?"

"मीच. हात पुरला बंद करायच्या तारेला. ओढली."

रेडिओवर रुग्णवाहिकेतली टेस बोलत होती. "किती वेळ अडकलाय?" तिनं विचारलं. ग्लेनिसनं तोच प्रश्न लिंडसेला केला.

"अर्धा तास," तो म्हणाला. "फार तर. कोरल लगेच आली, तिनं लगेच फोन केला."

ग्लेनिसनं ते रेडिओवर सांगितलं. टेस म्हणाली, "तासाच्या आत असेल तर आधार पक्का झाला की उचला, माझ्यासाठी थांबू नका. तासाच्या वर असेल आणि तो शुद्धीत असेल तर मी सुई लावल्याशिवाय उचलू नका. मी तेरा मिनिटांवर आहे. तब्येत बिघडायला लागली तर लगेच कळवा."

यातली गोम ग्लेनिसला ठाऊक होती. मांडीसारखं मोठं मांस फार वेळ चेपून राहिलं की आतल्या आत मरायला लागतं, त्यातलं विष साचत जातं. वजन उचललं की ते सगळं एका दमात रक्तात सुटतं आणि काळीज बंद पाडतं. बोलता-चालता, हसणारा माणूस सुटका झाल्याच्या पाचव्या मिनिटाला मेलेला तिनं एकदा पाहिला होता. त्यानंतर आठवडाभर तिला बस चालवता आली नव्हती.

पाच मिनिटांत आधार पक्का झाला. उचलायच्या हवेच्या पिशव्या मडगार्डच्या मागे, चाकाच्या दांड्याखाली सरकवल्या. पथकातला पोरगेला ओवेन हवेच्या झडपेवर हात ठेवून तिच्याकडे बघू लागला.

"उचल ना आता," बेव्हन वरून ओरडला. "तो तडफडतोय तिथं."

लिंडसे तडफडत नव्हता, आणि तेच ग्लेनिसला खटकत होतं. अर्ध्या तासापूर्वी मांड्या चेपलेला माणूस शिव्या घालतो. हा नुसता गार पडून होता. मग तिनं ते केलं जे ती रोज दुपारी बसला करायची. हातमोजा काढला आणि इंजिनावर तळहात टेकला.

अर्ध्या तासापूर्वी बंद झालेल्या, नेच्यांत राबलेल्या डिझेल इंजिनावर हात टिकत नाही. हे इंजिन कोमट होतं. आंघोळीचं पाणी निवून जावं तितपत. धुराड्याच्या नळीला हात लावला, ती तर चक्क गार.

"लिंडसे, किती वाजता पडलास?"

"सांगितलं ना. सव्वानऊ."

"इंजिन तसं म्हणत नाही."

"मग त्यालाच विचार," तो म्हणाला आणि डोळे मिटले. एवढ्या अवस्थेतही त्याला टोमणा सुचत होता.

ग्लेनिस कोरलकडे वळली. कोरल सत्तरीला टेकलेली, कायम नीटनेटकी, चर्चच्या हॉलात केक मांडणारी बाई. तिचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते.

"कोरल, तू घरी होतीस. ट्रॅक्टरचा आवाज कधी थांबला?"

"तिला नाही माहीत," लिंडसे डोळे मिटूनच म्हणाला. "रेडिओ चालू होता तिचा."

"मी तुला नाही विचारलं."

कोरलनं वाकून त्याची टोपी नीट केली. वरून बेव्हन पुन्हा काहीतरी ओरडला. ओवेन झडपेवरून हात काढत नव्हता. ग्लेनिसला या बाईवर ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडलं तर ही तोंड कायमचं मिटेल हेही कळत होतं. ती कोरलच्या शेजारी ओल्या नेच्यांत बसली.

"हे बघ," ती हलक्या आवाजात म्हणाली. "चुकीची वेळ धरून उचललं तर तो तुझ्यासमोर मरेल. माझ्या हातानं मरेल. तू काय करत होतीस हे मला नको आहे. मला फक्त घड्याळ सांग."

"कोरल, राहू दे," लिंडसे म्हणाला. आता त्याचा आवाज विनवणीचा होता.

कोरलनं त्याच्याकडे पाहिलं. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"आठ वाजून दहा मिनिटांनी. बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. सकाळी आमचं भांडण झालं, त्या कमानीवरूनच. मी म्हटलं वर कर, तो म्हणाला किटकिट करू नकोस. मग ट्रॅक्टर थांबला. मला वाटलं, रुसून बसलाय, चहाला मीच हाक मारावी म्हणून. मी म्हटलं बसू दे. तास उलटून गेला तरी बसू दे म्हटलं." ती थांबली. "मी चहासोबतचे स्कोन्स भाजले, ग्लेनिस. तो इथं होता आणि मी स्कोन्स केले."

ग्लेनिसनं रेडिओ उचलला. "टेस, एक तास पन्नास मिनिटं. परत सांगते, एक तास पन्नास. आम्ही थांबतोय." मग ओवेनला म्हणाली, "झडपेवरून हात काढ. आणि त्याच्या अंगावर ब्लँकेट घाल."

ती काही मिनिटं फार लांबली. लिंडसे पाणी मागत होता. कोरल त्याचे ओठ नुसते ओले करत होती. टेस आली. दोन्ही हातांना सुया लावल्या, सलाईन सोडलं, छातीला तारा चिकटवल्या, एक औषध सिरिंजमध्ये भरून हातात धरून ठेवलं. मग तिनं मान हलवली.

"बोटभर उचल," ग्लेनिस म्हणाली. हवा फुसफुसली. बोटभर उचललं, लाकूड सरकवलं. पुन्हा बोटभर, पुन्हा लाकूड. चौथ्या वेळी मडगार्ड मांड्यांवरून सुटलं आणि तिघांनी त्याला फळीवर ओढून घेतलं.

हृदयाच्या यंत्रावरची रेघ वेडीवाकडी झाली. लिंडसेचे डोळे फिरले. टेसनं हातातलं औषध एका दमात टोचलं, दुसरं मागितलं. कोरल हललीही नाही. ग्लेनिस रेघेकडे बघत राहिली आणि मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलली. मग रेघ हळूहळू ताळ्यावर आली.

"हे भरून ठेवलं नसतं तर गेला असता," टेस म्हणाली. एवढंच.

स्ट्रेचर रुग्णवाहिकेत चढवताना लिंडसेला शुद्ध होती. कोरल त्याच्या बाजूनं चालत होती. ग्लेनिसनं स्ट्रेचरची मागची मूठ धरली होती, त्यामुळे तिला ऐकू आलं.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" तो पुटपुटला. "मी मेलो असतो तरी मी इतका वेळ पडून होतो हे तुला कळलं नसतं. तू सुखानं राहिली असतीस."

"मला पहिल्यापासून माहीत होतं, लिंडसे," कोरल म्हणाली. "आवाज थांबलेला मीच ऐकला होता ना. तू खोटं बोलायला लागलास तेव्हा मला एवढं बरं वाटलं की मी गप्प बसले. ती बाई इंजिनाला हात लावेपर्यंत मी गप्प बसले होते."

त्यानं हात बाहेर काढला. कोरलनं तो दोन्ही हातांत धरला आणि तशीच, ॲप्रनवर पीठ घेऊन, आत चढली. ग्लेनिसनं दार लावलं.

मग ती माथ्यावर गेली. बेव्हन ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता, नजर चुकवत. तिनं त्याची किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि त्याच्या शेजारी गवतात बसून रडली. बेव्हन तिच्यासमोर, ऊन लागू नये अशा बेतानं, उभा राहिला.