सहा पट्ट्यांचा चेवा

पांगानीच्या किनाऱ्यावर मासा पाण्यातून बाहेर येतो तेव्हा तो नुसता मासा असतो. त्याला नाव मिळतं ते म्बारुकूच्या तोंडून. म्बारुकू हा तिथला पुकारा करणारा. सिमेंटच्या ओट्यावर त्याचं तिपाई स्टूल, समोर ओला पाट, आणि पाटावर जे पडेल त्याचं नाव तो गळ्याच्या शिरा ताणून सांगणार. नाव पडलं की बोली सुरू. आणि एकदा पुकारलेलं नाव बदलायचं नाही, मग प्रत्यक्ष मासा उठून बोलला तरी. हा तिथला रिवाज, आणि म्बारुकूला हा रिवाज स्वतःच्या टोपीइतकाच प्रिय होता.

टोपीही बघण्यासारखी. बायकोने, बी म्गेनीने, हाताने विणलेली, पांढरीशुभ्र. ती घालून म्बारुकू स्टुलावर बसला की बंदराचा साहेब बसल्यासारखा बसायचा. कोळ्यांना 'पोरांनो' म्हणायचा. त्यातले काही त्याच्याहून दोन-चार वर्षांनी मोठे होते.

या साहेबाला दिसत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड कळायचा, समोर माणूस आहे की खांब हे कळायचं, त्यापुढे सगळं ताकासारखं. टांगा शहरात जाऊन डॉक्टरला डोळे दाखवावेत, असं कुणीही सुचवलं असतं. पण दाखवायला गेलं की चारचौघांत कळणार, आणि कळलं की स्टूल जाणार. स्टुलाशिवाय म्बारुकू म्हणजे कोण? विड्या ओढत नारळाखाली बसणारा आणखी एक म्हातारा. ते त्याला मरणाहून वाईट वाटायचं.

म्हणून त्याने बोटं कामाला लावली. आणि एक कबूल करायला हवं, बोटं मोठी हुशार होती. पाटावर मासा पडला की म्बारुकू तो 'ताजा आहे का' बघण्याच्या मिषाने हातात घ्यायचा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खवल्यांची कडक, खरखरीत धार लागली तर कोलेकोले. पाठीवर आणि पोटाखाली शेपटीपर्यंत सुट्या बारीक परांची रांग लागली तर न्गुरू, आपल्या सुरमईचा भाऊ. गालावरून अंगठा फिरवायचा: गाल गुळगुळीत, खवलं नाही, तर चांगू, गालावरही खवलं लागली तर तांबोशी. तासी मात्र तो फार अदबीने धरायचा. तिच्या पोटावरच्या परांना दोन्ही कडांना काटे, आणि काट्यांत विष. एकदा टोचलं तेव्हा त्याने सगळ्या बाजारासमोर हसत हसत नाव पुकारलं होतं, आणि घरी जाऊन संध्याकाळपर्यंत हात गरम पाण्यात बुडवून रडला होता.

घोडं अडायचं ते चेव्यापाशी. चेवा ओळखणं सोपं: मोठं तोंड, पाठीवर एकच सलग पर, पुढे नऊ काटे आणि मागे मऊ भाग, शेपूट पंख्यासारखी गोल. पण चेव्यांत एक लाल आणि एक काळा. दोघांची अंगलट तीच, काटे तेवढेच, अंगावर निळे ठिपकेही दोघांच्या. लाल असतो मिरचीसारखा लाल. काळा असतो तपकिरी, आणि त्याच्या मागच्या अर्ध्या अंगावर पाच-सहा फिके उभे पट्टे. आता रंग आणि पट्टे बोटांना लागतात थोडेच!

आणि भावातला फरक जमीन-अस्मानाचा. लाल चेवा किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या गोऱ्यांना आवडायचा. हॉटेलांसाठी मासे घेणारा झुबेरी हंगामाच्या सुरुवातीलाच करार करायचा: 'लाल' म्हणून पुकारला जाईल तो प्रत्येक चेवा माझा, ठरलेल्या चढ्या भावाने. काळा मात्र खुल्या बोलीत, तळणाऱ्या बायकांच्या भावाने जायचा.

यावर म्बारुकूने जी युक्ती काढली, तिचा त्याला केवढा अभिमान होता! तो झुबेरीची परीक्षा घ्यायचा.

"काय झुबेरी, हॉटेलवाल्यांचा शहाणा ना तू? सांग बघू, हा कुठला?"

झुबेरी पुढे वाकायचा, कसलं तरी अत्तर दरवळायचं. "मी काय सांगणार काका तुमच्यापुढे? पण पट्टे दिसताहेत मागे. पाच... नाही, सहा."

"शाब्बास! शिकतोयस हळूहळू." आणि म्बारुकू आकाशाकडे तोंड करून पुकारायचा, "काळा चेवाऽऽ!"

झुबेरी तो बोलीत घ्यायचा, आणि जाताना न चुकता म्हणायचा, "काका, अशी नजर या किनाऱ्यावर दुसरी नाही." म्बारुकूच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. दिवसभर तो मनात हसायचा: एवढा व्यवहारी माणूस, पण मी त्याला कसा गुंडाळतो! लाल चेवे हल्ली फारच कमी येतात, समुद्र बिघडला, एवढंच काय ते त्याला वाटायचं. त्याबद्दल तो कोळ्यांना उपदेशही करायचा.

त्या मंगळवारी पाटावर चेवा टाकला तो त्याच्या जावयाने, कोंबोने. कोंबो अबोल माणूस. त्याच्या होडीची फळी कुजली होती, आणि साउमू, म्बारुकूची मुलगी, आठवडाभर माहेरी येऊन त्याच फळीचं रडगाणं गात होती. मासा भलामोठा. म्बारुकूने त्याचं वजन हातांत तोललं, नेहमीची परीक्षा घेतली, नेहमीचं उत्तर आलं.

"काळा चेवाऽऽ!"

सासऱ्याशी चार लोकांत वाद घालणारा जावई त्या गावात अजून जन्मायचा होता. पण एक हक्क प्रत्येक कोळ्याला असतो: पहिली बोली पडायच्या आत मासा 'घरी खायला' म्हणून उचलता येतो. कोंबोने मासा उचलला आणि चालता झाला. झुबेरी चुकचुकला. म्बारुकू म्हणाला, "आमचा जावई जरा हट्टी आहे."

दुपारी तो घरी आला तेव्हा बी म्गेनी उंबऱ्याशी बसून नारळ खवत होती.

"जावई येऊन गेला," ती म्हणाली. "जावयाने सासूचं तोंड बघायचं नाही हा रिवाज, म्हणून पाठ करून उभा होता बिचारा. उंबऱ्यावर लाल चेवा ठेवला आणि गेला. एवढा महागाचा मासा आपल्याला कशाला?"

"लाल नाही, काळा. सकाळी मीच पुकारला."

"काळा?" खवणी थांबली. "अहो, मिरचीसारखा लाल आहे."

"मागे पट्टे आहेत बघ. सहा."

"एक नाही. निळे ठिपके आहेत नुसते. माझे डोळे नाही हो फुटले."

म्बारुकूने हळू विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही माझ्या बहिणीला बी म्गेनी म्हणून हाक मारलीत तेव्हापासून," ती म्हणाली. "दोन रमजान झाले. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग बोलले का नाहीत कोळी?"

"कुणी बोलायचं? तुम्हाला? तुम्ही ऐकून घेता का कुणाचं? आणि वर तो अत्तरवाला रोज ओरडून सांगतो, काय ही नजर, काय ही नजर!"

म्बारुकू उंबऱ्यावर बसला. गेल्या दोन वर्षांतले चेवे त्याच्या बोटांवर परत येऊ लागले. मोठे, लहान, अंडी भरलेले. प्रत्येकाच्या मागे सहा पट्टे. कधी पाच नाही, कधी सात नाही. अरे गाढवा, त्याने स्वतःला म्हटलं, एवढंही मोजता आलं नाही तुला? त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला, आणि रागात निम्मा वाटा दुखावलेल्या गर्वाचा होता. झुबेरीने कोळ्यांना लुबाडलं यापेक्षा झुबेरी आपल्याला हसत होता, हे त्याला जास्त झोंबलं. साउमूची कुजकी फळी त्यानंतर आठवली. आठवली हेही काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी तो टोपी घालून स्टुलावर बसला. पहिला चेवा आला.

"सांग बघू झुबेरी."

"सहा पट्टे काका. तुमच्यापुढे मी काय..."

"लाल चेवाऽऽ!"

पुकारलेलं नाव बदलत नाही, करार लेखी होता. आणि मासा खरोखरच लालभडक होता, तेव्हा हरकत तरी कशावर घेणार? झुबेरीने तो चढ्या भावाने घेतला.

दुसरा आला. या वेळी झुबेरीने पट्टे मोजले नाहीत, नुसता खाकरला. म्बारुकूने पुकारलं, "लाल चेवाऽऽ!" तोही लालच निघाला. कुणीतरी मागून शिट्टी मारली.

तिसरा पाटावर पडला. म्बारुकूने पाठीवरचे काटे चाचपले, गोल शेपूट चाचपली. "लाल चेवाऽऽ!"

"अहो काका!" झुबेरी ओरडला. "हा काळा आहे! हा खरंच काळा आहे, खरंच पट्टे आहेत याला!"

"खरंच?" म्बारुकूने विचारलं. "मग एवढे दिवस मोजलेस ते पट्टे कसले होते?"

झुबेरीच्या लक्षात आलं, पण उशिरा. मग तो बिथरला. "या आंधळ्याला काय विचारता? याला स्वतःचा हात दिसत नाही! मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे!"

"ऐकलंत पोरांनो?" म्बारुकू म्हणाला. "पहिल्या दिवसापासून." आणि त्याला वाटलं, आता बाजार दणाणेल. झुबेरीला हाकलतील, आणि आपल्याला म्हणतील, वा काका, डोळ्यांशिवाय कसा पकडलात चोर!

झुबेरीला हाकललं खरं. त्याची टोपली समुद्रात गेली, तोही कमरेपर्यंत गेला. पण मग तो सगळा घोळका ओट्याकडे वळला, आणि हसण्याचा आवाज कुठून येईना.

हाजी नावाचा म्हातारा कोळी पुढे आला. म्बारुकू ज्यांना पोरांनो म्हणायचा, त्यांतला हा वयाने मोठा.

"त्याला तुझं आंधळेपण ठाऊक होतं," हाजी म्हणाला. "पण तुला नव्हतं का रे?"

म्बारुकूकडे कितीतरी उत्तरं होती. बोटांची हुशारी, रिवाज, इतक्या वर्षांचा गळा. ती सगळी त्याने बाजूला ठेवली.

"नाव मी पुकारत होतो," तो शेवटी म्हणाला. "तो नाही." आणि स्टुलावरून उठला. उठताना मुद्दाम जरा वेळ लावला. कुणीतरी 'बसा काका' म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही.

ओट्याच्या पायरीशी एक हात त्याच्या कोपराला लागला. दोरांनी घट्टे पडलेला, अबोल हात. म्बारुकूने एरवी तो झटकला असता.

"कोंबो," तो म्हणाला, "फळी कुजलीय म्हणे तुझ्या होडीची."

"हो."

"माझ्यामुळे."

कोंबोने नाही म्हटलं नाही. पायरी आली तेवढं सांगितलं आणि त्याला खाली उतरवलं.